मुदत वाढवून मिळाली, तरी रात्र जागायचीच?

प्रोजेक्ट द्यायला अजून आठ दिवस हवेत म्हणून तुम्ही कधी सरांच्या केबिनबाहेर उभे राहिला आहात? आपण सगळेच राहिलोय. चेहरा बारीक करून, ‘सर, प्लीज, क्वालिटी चांगली येईल’ असं म्हणून. सर विरघळतात. आठ दिवस मिळतात. कँटीनमध्ये चहा होतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आता खरं सांगा, त्या आठ दिवसांतल्या पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत?

बरोब्बर. काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि सातव्या दिवशी रात्री दोन वाजता ग्रुपवर तेच मेसेज, ‘तुझा पार्ट झाला का रे?’

म्हणजे वाढवून घेतलेली मुदत गेली कुठे? मी हा प्रश्न गेलं वर्षभर डोक्यात घेऊन फिरतेय, कारण तो आमच्या ग्रुपला चांगलाच महागात पडला. मार्क तर गेलेच, पण एक मित्र महिनाभर आमच्याशी बोलत नव्हता. आणि गंमत म्हणजे चूक त्याची नव्हतीच. ते आम्हाला नंतर कळलं, कागदावर हिशेब मांडल्यावर. तोच हिशेब आज तुमच्यासमोर मांडते.

दोन आजार, लक्षणं उलटी

आधी या भानगडीला नावं काय आहेत ते बघू. एकाचं नाव तर थेट आपल्यावरूनच पडलंय, स्टुडंट सिंड्रोम. एलियाहू गोल्डरॅट नावाचे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ होते, पुढे ते मॅनेजमेंटकडे वळले. १९९७ साली त्यांचं ‘क्रिटिकल चेन’ हे पुस्तक आलं. विषय प्रोजेक्टचं नियोजन, पण लिहिलंय कादंबरीसारखं. त्यात त्यांनी हा मुद्दा मांडला की विद्यार्थी भांडून जास्त वेळ मागून घेतात आणि मिळाला की शेवटच्या क्षणापर्यंत कामाला हात लावत नाहीत. हे फक्त विद्यार्थी करतात असं नाही, मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनिअरही हेच करतात, हाच तर त्यांचा मुद्दा होता. पण नाव मात्र आपल्या माथी बसलं.

दुसरा आहे पार्किन्सनचा नियम. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकारानं नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा की कामाला जितका वेळ द्याल, तितकं ते फुगत जातं. त्यांनी उदाहरण दिलं एका निवांत आजीबाईंचं. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचं, पण त्यात त्यांचा अख्खा दिवस जातो. कार्ड शोधायचं, चष्मा शोधायचा, पत्ता शोधायचा, मजकूर जुळवायचा, आणि मग पोस्टाच्या पेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नको यावर विचार करायचा. कामाच्या माणसानं हेच तीन मिनिटांत उरकलं असतं.

खरं तर तो लेख सरकारी नोकरशाहीची टिंगल करणारा होता. पार्किन्सननी ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले होते. १९१४ मध्ये मोठ्या युद्धनौका होत्या ६२, त्या १९२८ पर्यंत उरल्या २०. पण नौदलाच्या मुख्य कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं घटली, फायली वाढल्या! आपण मात्र आज त्या लेखातला वेळेबद्दलचा तेवढा भाग उचललाय, आणि आपल्याला तेवढाच लागू पडतो.

दोन्हीतला फरक नीट लक्षात घ्या, कारण बरेचदा लोक दोन्हीला सरसकट ‘आळस’ म्हणून मोकळे होतात. स्टुडंट सिंड्रोमवाला सुरूच उशिरा करतो. पार्किन्सनवाला वेळेत सुरू करतो, वेळेआधी संपवतोही, पण थांबत नाही. हेडिंगचा फॉन्ट बदल, पहिला परिच्छेद पुन्हा लिही, पुन्हा जुनाच ठेव. तुम्ही कोणत्या पंथाचे ते ओळखायचं असेल तर लॅपटॉपमधलं फोल्डर उघडा. फाइल बनवल्याची तारीखच सबमिशनच्या आदल्या दिवशीची असेल तर तुम्ही पहिल्या गटात. आणि फोल्डरमध्ये `final`, `final2`, `final_final` अशी रांग लागली असेल तर दुसऱ्या. (माझी रांग `final_final_khara` पर्यंत गेलेली आहे.)

लक्षणं उलटी असली तरी परिणाम एकच. अडचण येईल तेव्हा वापरायला म्हणून जो जादा वेळ आपण राखून ठेवलेला असतो, तो अडचण यायच्या आधीच संपतो.

आमच्या अंकाची गोष्ट

आता आमचा किस्सा. मास कॉमच्या मुलांना प्रायोगिक अंक काढावा लागतो, लॅब जर्नल म्हणतात त्याला. आठ पानांचं छोटं वर्तमानपत्रच. बातम्या आपणच आणायच्या, आपणच संपादन करायचं, पानं लावायची, प्रूफ तपासायचं आणि छापून आणायचं. आम्ही पाच जण होतो. मुदत ३० दिवस. उशीर झाला तर दर दिवसाला दोन मार्क कट.

पहिल्याच मीटिंगमध्ये आम्ही शहाण्यासारखं वेळापत्रक केलं. प्रत्येकाला विचारलं, तुला किती दिवस लागतील? आता असं विचारल्यावर कोण कमी सांगेल? उद्या अडचण आली तर बोलणी आपल्यालाच खावी लागणार. म्हणून प्रत्येकानं आपापली सोय पाहून आकडा सांगितला. बातम्या आणून लिहायला १० दिवस. संपादनाला ६. पानं लावायला ८. प्रूफला ४. आणि प्रेसला २. बेरीज ३० दिवस. अगदी फिट! आम्ही तर खूशच झालो.

मग काय झालं? बातम्यांची टीम, म्हणजे मी आणि अजून एक जण, पहिला आठवडा ‘विषयावर विचार’ करत होतो. आठव्या दिवशी पहिला फोन फिरवला. काम होतं जेमतेम पाच दिवसांचं, ते बाराव्या दिवशी संपलं. म्हणजे दोन दिवस उशीर. आम्हाला वाटलं, दोनच तर दिवस, पुढे भरून निघतील.

संपादन करणारी मैत्रीण हुशार आणि शिस्तीची. तिनं त्याच दिवशी काम सुरू केलं आणि तीन दिवसांत मजकूर तयार केला. पण तिच्याकडे होते सहा दिवस. मग ती हेडलाइन बदलत बसली. एका बातमीचा इंट्रो चार वेळा लिहिला. मजकूर पुढे दिला तो अठराव्या दिवशी. तीन दिवसांत काम झालं होतं हे तिनं आम्हाला सांगितलंच नाही. का सांगावं? सांगितलं असतं तर पुढच्या वेळी आम्ही तिला तीनच दिवस दिले असते.

पानं लावणाऱ्या मित्राकडे मजकूर आला तेव्हा त्याच्या हातात आठ दिवस होते. काम चार दिवसांचं आहे हे त्याला माहीत होतं. मधे त्याच्या कझिनचं लग्न होतं. त्यानं तेविसाव्या दिवशी सुरुवात केली. आणि आमचं नशीब म्हणजे, आम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर लॅबच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर फुटला. जोडाक्षरं सुटी झाली, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटल्या, रफार गायब. सगळा मजकूर कन्व्हर्ट करून पुन्हा दुरुस्त करण्यात तीन दिवस गेले. पानं तयार झाली एकोणतिसाव्या दिवशी.

मग प्रूफला चार दिवसांऐवजी एक दिवस उरला. प्रेसनं त्यांचे दोन दिवस घेतलेच, ते कमी होत नसतात. अंक जमा झाला बत्तिसाव्या दिवशी. चार मार्क गेले. आणि पहिल्या पानाच्या मुख्य बातमीच्या हेडलाइनमध्ये ‘पाणीपट्टी’चा ‘पाणीपट्टा’ झाला होता. प्रूफचा एकच दिवस असला की असंच होणार.

खापर अर्थातच पानं लावणाऱ्यावर फुटलं. लग्नाला गेला होता ना! तो चिडला आणि ग्रुप सोडून गेला.

नंतर एकदा वैतागून मी वहीत हिशेब मांडला. प्रत्यक्ष काम किती दिवसांचं होतं? बातम्या ५, संपादन ३, पानं ४ आणि फॉन्टच्या घोळाचे ३ म्हणजे ७, प्रूफ नीट केलं असतं तर २, प्रेस २. बेरीज १९. एकोणीस दिवसांचं काम आम्हाला तीस दिवसांत बसवता आलं नव्हतं. आणि मोठी अडचण आली होती ती एकच, फॉन्टची, तीही तीन दिवसांची. आमच्याकडे राखीव अकरा दिवस होते, तरी ती अडचण झेपली नाही. कारण ती आली तोपर्यंत राखीव दिवस आधीच खाऊन झाले होते. थोडे मी खाल्ले, थोडे संपादनात गेले, थोडे लग्नात. मित्राचा दोष असेल तर तो माझ्याइतकाच. फक्त त्याचं काम साखळीत शेवटाकडे होतं, म्हणून तो सापडला.

उशीर पुढे जातो, बचत जात नाही

गोल्डरॅटचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं. एकापाठोपाठ एक अशी कामांची साखळी असेल तर उशीर आपोआप पुढच्याच्या माथी जातो. माझे दोन दिवस उशिराचे थेट संपादनाला बसले. पण कुणी लवकर संपवलं तर ती बचत पुढे जात नाही, ती तिथेच जिरते. संपादनातले तीन दिवस असेच जिरले. म्हणजे तोटा सगळ्यांचा आणि फायदा कुणाचाच नाही. अशा साखळीत प्रत्येकानं आपापला जादा वेळ कितीही वाढवून घेतला तरी उपयोग नाही. तुम्ही ३० चे ४० दिवस मागा, तेही असेच संपतील.

त्यावर त्यांचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. प्रत्येक कामातला राखीव वेळ काढून घ्या आणि सगळा मिळून एकदम शेवटी, सामायिक ठेवा. कुणा एकाच्या नावावर नाही, सगळ्यांच्या नावावर. त्याला ते बफर म्हणतात.

चाळीतल्या लोकांसारखा विचार करा. अडीअडचणीसाठी प्रत्येक घरानं कपाटात वेगळे दहा हजार ठेवायचे ठरवले तर बऱ्याच घरांत ते गणपतीच्या आधीच खर्च होतात. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक निधी केला तर निम्म्या रकमेतही भागतं, कारण सगळ्या घरांत एकाच महिन्यात आजारपण येत नाही. वेळेचंही तसंच. पाचही कामं एकाच वेळी बिघडत नाहीत. म्हणून काढून घेतलेला सगळा वेळ शेवटी ठेवायची गरज नसते, साधारण निम्मा पुरतो असा गोल्डरॅटचा अंदाज आहे. हा काही गणिताचा सिद्धांत नाही, ढोबळ हिशेब आहे. जिथे एक अडचण सगळ्या कामांना एकदम बसू शकते, समजा ऐन पावसाळ्यात शूटिंग आहे, तिथे निम्मा पुरणार नाही.

दुसरा अंक

पुढच्या सेमिस्टरला दुसरा अंक होता. परीक्षा अलीकडे आल्यानं मुदत मिळाली फक्त २४ दिवस. पहिल्या वेळी ३० पुरले नव्हते! मी मित्राला वही दाखवली, सॉरी म्हटलं, तो परत ग्रुपमध्ये आला (थोडे भाव खाऊन). आणि आम्ही नवा प्लॅन केला.

या वेळी प्रश्न बदलला. ‘तुला किती दिवस लागतील?’ असं विचारलं नाही. विचारलं, ‘मजकूर हातात आहे, दुसरं काही काम नाही, काही बिघडलं नाही, तर किती दिवस?’ आणि आधीच सांगून टाकलं की हा आकडा चुकला तर कुणी कुणाला बोलणार नाही, निम्म्या वेळा तो चुकणारच आहे. हे सांगणं फार महत्त्वाचं. हे न सांगता नुसते आकडे कापले तर लोक पुढच्या वेळी दुप्पट सांगतात.

आकडे आले असे: बातम्या ५, संपादन ३, पानं ४, प्रूफ २, प्रेस २. बेरीज १६. आधीच्या तीसमधून १४ दिवस निघाले, त्यांचे निम्मे सात. आमच्याकडे २४ मधून १६ गेल्यावर आठ उरत होते. म्हणजे एक दिवस बोनसच. ते आठ दिवस चार्टवर सगळ्यात शेवटी लाल चौकटीत लिहिले आणि चार्ट होस्टेलच्या कपाटावर चिकटवला.

मधल्या कामांना तारखा दिल्याच नाहीत. हे आमच्यातल्या एकीला पटतच नव्हतं. पण कारण सोपं आहे. ‘संपादन आठ तारखेपर्यंत’ असं म्हटलं की ते आठ तारखेलाच संपतं, पाच तारखेला झालं तरी. त्याऐवजी रिले रेससारखं. बॅटन हातात आली की पळायचं, आणि संपलं की त्याच मिनिटाला पुढच्याच्या हातात द्यायची, रात्री अकरा वाजता असलं तरी. पुढच्यानंही तयार उभं राहायचं. म्हणून रोज रात्री एकच मेसेज टाकायचा नियम होता, ‘माझे अजून किती दिवस उरलेत’. किती टक्के झालं हे विचारायचं नाही. ‘नव्वद टक्के झालंय’ या वाक्याचा अर्थ काहीही असू शकतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

आणि एकच गोष्ट मोजायची. काम किती सरलं आणि त्या मानानं बफर किती संपला. काम एक तृतीयांश झालंय आणि बफरही तेवढाच गेलाय, तर ठीक. बफर बराच जास्त गेला असेल तर लगेच काहीतरी करायचं, शेवटच्या आठवड्याची वाट बघायची नाही.

पहिल्याच टप्प्यात दणका बसला. एका बातमीसाठी ज्या अधिकाऱ्यांची मुलाखत हवी होती ते रोज ‘उद्या या’ म्हणत होते. बातम्या पाचऐवजी आठ दिवसांत झाल्या. हिशेब केला तर सोळापैकी पाच दिवसांचं काम झालं होतं, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडं कमी. बफर गेला होता आठातले तीन, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त. धोका नव्हता, पण घंटा वाजली होती. पहिल्या वेळी आम्ही ‘भरून निघेल’ म्हणालो असतो. या वेळी त्याच संध्याकाळी बसलो आणि ती मुलाखत सोडून दिली. त्या जागी फोटो फीचर घेतलं. खरं सांगायचं तर मला तो निर्णय अजून थोडा खटकतो, बातमी चांगली होती. पण आठव्या दिवशी असा पर्याय तरी होता. अठ्ठाविसाव्या दिवशी नसतो.

संपादन दोनच दिवसांत झालं. आणि या वेळी मैत्रिणीनं ते लपवलं नाही, रात्री साडेदहाला फाइल पाठवून दिली. एक दिवस परत मिळाला. तिला विचारलं, या वेळी हेडलाइन परत परत नाही बदलल्या? तर म्हणाली, ‘बदलायचा मोह झाला होता गं, पण तो बसलाय ना तिकडे लॅपटॉप उघडून.’ पार्किन्सनवर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय हाच. कुणीतरी पुढे ताटकळत बसलेलं दिसलं पाहिजे.

पानांना चारऐवजी सहा दिवस लागले. फॉन्टचा घोळ आम्ही आधीच सोडवला होता, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं टाइप केलं होतं, पण फोटो कमी रिझोल्यूशनचे निघाले. प्रूफ दोन दिवस, दोघांनी वेगवेगळं वाचलं. प्रेसमध्ये एक दिवस वीज नव्हती म्हणून दोनाचे तीन झाले. एकूण ८, २, ६, २ आणि ३. म्हणजे २१ दिवस. बफरचे पाच गेले, तीन उरले. आणि ‘पाणीपट्टा’ कुठेच नाही.

एकट्याचं काम असेल तर?

इथे तुम्ही म्हणाल, ग्रुपचं ठीक आहे, पण माझं डेझर्टेशन मी एकटी लिहितेय, बॅटन कुणाला देऊ? बरोबर आहे. रिलेची युक्ती एकट्याला जमत नाही, आणि नुसता शेवटी बफर ठेवला तर आपलं मन त्याला सरळ मुदतीतच धरतं. चार्टवर वीस तारीख लिहिली तरी खरी तारीख तीस आहे हे आपल्याला माहीतच असतं. घड्याळ दहा मिनिटं पुढे लावणाऱ्यांचं काय होतं ते आठवा.

एकट्यानं अंदाज बांधण्यातच मुळात गडबड होते. कॅनडातल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. १९९४ साली तो अभ्यास छापून आला. मुलांचा सरासरी अंदाज होता ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. आणखी मजा म्हणजे ‘सगळंच बिघडलं तर किती लागतील?’ असं विचारल्यावर त्यांनी जो आकडा सांगितला होता, तोही ५५ पेक्षा कमीच होता! म्हणून एकट्यानं काम करत असाल तर मनानं आकडा काढू नका. मागचं तसंच काम आठवा. मागच्या टर्म पेपरचं एक पान लिहायला खरोखर किती तास गेले होते, ते मोजा, आणि त्यावरून गुणाकार करा. आकडा पोटात गोळा आणणारा येईल. तोच बरोबर असतो.

दुसरं, एकट्याला मधल्या तारखा लागतात. आत्ताच मी मधल्या तारखा नकोत म्हटलं आणि आता हव्यात म्हणतेय, हे दिसतंय मला. पण साखळीत पुढचा माणूस वाट बघत असतो, एकट्याच्या कामात कुणीच नसतं, म्हणून तारखेनं ती जागा घ्यायची. डॅन अरिएली आणि क्लाउस व्हर्टनब्रॉख या दोघांनी २००२ मध्ये एक प्रयोग मांडला होता. साठ जणांना तीन लेखांचं प्रूफ तपासायला दिलं, वेळ २१ दिवस. एका गटाला दर आठवड्याला एक लेख जमा करायची सक्ती. दुसऱ्या गटाला तिन्ही लेख शेवटच्या दिवशी दिले तरी चालतील अशी मुभा. तिसऱ्यानं तारखा स्वतःच ठरवायच्या, पण ठरवल्या की त्या बांधील. उशिराला दंड होता. सगळ्यात जास्त चुका सापडल्या सक्तीच्या तारखांच्या गटाला. सगळ्यात कमी, अर्थातच, शेवटच्या दिवसावर सोडलेल्यांना. स्वतः तारखा ठरवणारे मधे.

यातलं ‘मधे’ मला महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या तारखा ठरवणं काहीच न ठरवण्यापेक्षा बरं, पण आपण त्या नीट ठरवत नाही. म्हणून गाइड मॅडमना सांगा की मॅडम, पहिलं प्रकरण पंधरा तारखेला तुमच्या टेबलवर असेल, नाही दिलं तर मला ओरडा. तारीख दुसऱ्याच्या डायरीत गेली पाहिजे आणि चुकवल्यावर काहीतरी झोंबलं पाहिजे. मोबाइलमधल्या रिमाइंडरला आपण सगळेच स्वाइप करून उडवतो.

आणि ‘कधी संपलं’ हे सुरू करायच्या आधी लिहून ठेवा. म्हणजे ‘दहा पानं, तीन मुलाखती, एकदा स्पेलिंग तपासणी, संपलं.’ त्याच्यापुढे केलेलं काम पार्किन्सनच्या खात्यावर.

एक ठिकाण सांगते जिथे आमचं हे सगळं गणित कोसळतं. आमच्यातल्या एकाचं त्याच महिन्यात नाटक चालू होतं, आणि तो रोज थोडं नाटक, थोडा अंक असं करत होता. दोन्हीकडे बॅटन पडत होती. पाच दिवसांचं काम सलग पाच दिवस केलं तरच ते पाच दिवसांचं असतं. तीन विषयांची सबमिशन एकाच वेळी थोडी थोडी पुढे ढकलणाऱ्यांनी बफरबिफर करण्याआधी कोणतं काम आधी, एवढंच ठरवलं तरी पुष्कळ.

तर आमचा दुसरा अंक तीन दिवस आधी जमा झाला. सर खूश झाले, अंक चाळला, शाबासकी दिली. परवा कॉलेजात गेले होते तेव्हा कळलं, पुढच्या बॅचला अंकासाठी २१ दिवस दिलेत. ज्युनिअर्स आमच्यावर भयंकर चिडलेत, आणि त्यातली एक मला विचारत होती, ‘ताई, लवकर झालं होतं तर सांगितलंत कशाला?’